लसूण चेचून दहा मिनिटं का ठेवायचा? आणि प्लेटलेट्सचं नेमकं काय होतं?

त्रिमूर्तीनगरची_मेघा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे पंधरा दिवसांपासून लसणाच्या एका पाकळीवरून आई-बाबांचं रोज सकाळी वाजतंय, म्हणून इथे विचारते.

बाबा ६८ वर्षांचे. सात महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या चालू आहेत. अंबाझरीला फिरायला जातात तिथल्या मित्रांनी सांगितलं म्हणून ते रोज पहाटे लसणाची अख्खी पाकळी पाण्यासोबत गिळतात. चावत नाहीत, वास येतो म्हणून. आईचं म्हणणं, अख्खी गिळून काही उपयोग नाही. ती खलबत्त्यात दोन पाकळ्या चेचते, वाटीत दहा मिनिटं ठेवते आणि मधात कालवून देते. हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. कारण विचारलं तर "तसंच करतात" एवढंच.

आता पुढच्या महिन्यात बाबांची एक दाढ काढायची आहे. लसणाने "रक्त पातळ होतं" हे सगळेच म्हणतात, पण म्हणजे रक्तात नेमकं काय होतं? गोळ्या जे करतात तेच लसूण करतो का? आणि गिळणं आणि चेचणं यात खरंच फरक आहे का? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. फॉरवर्ड नकोत, ते घरी भरपूर आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

मेघाताई, फरक काहीच नाही बाप्पा. लसनात अ‍ॅलिसिन नावाचं द्रव्य असते, तेच सगळं काम करते. गिळा नाहीतर चेचा, पोटात गेलं की एकच. फक्त शिजवू नका, शिजवलं की ते मरते. अन् काम अ‍ॅस्पिरिनसारखंच, रक्त पातळ करते. माझे आजोबा रोज खात होते, ९१ वर्षं जगले.

शोभाताई_धरमपेठ

मी तीस वर्षं रक्ताच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली बरीच प्लेटलेट्सच्या, म्हणजे रक्त थांबवायला एकमेकींना चिकटून पुंजके करणाऱ्या बारीक कणांच्या तपासणीत. लसूण हे पुंजके सहज होऊ देत नाही, त्यालाच लोक रक्त पातळ होणं म्हणतात. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

भाऊ, तुमचं निम्मं बरोबर आहे. शिजवण्याने फरक पडतो हे खरं. पण "लसणात अ‍ॅलिसिन असते" हे खरं नाही, आणि मेघाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन जवळजवळ नसतंच. आत्ता उठून एक पाकळी सोला, नख न लावता, आणि नाकाशी धरा. फारसा वास येणार नाही. मग तीच पोळपाटावर वाटीच्या बुडाने चेचा. दोन-तीन सेकंदांत जो भपकारा येतो, तो त्या क्षणी तयार झालेल्या पदार्थांचा आहे, आधी साठवून ठेवलेल्यांचा नाही.

पाकळीत दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. एक अ‍ॅलिइन. त्याला वास नाही, रंग नाही, आणि ते पाकळीच्या गराच्या पेशींमध्ये असतं. दुसरं अ‍ॅलिइनेज नावाचं एन्झाइम. ते पाकळीत ज्या बारीक शिरा जातात, त्यांच्या भोवतीच्या पेशींमध्ये बंद असतं. एकाच घरात धान्य एका खोलीत आणि जातं दुसऱ्या खोलीत असावं तसं. तुम्ही चेचता तेव्हा मधली भिंत पडते आणि दोन्ही एकत्र येतात. एन्झाइम अ‍ॅलिइनचा गंधक असलेला तुकडा तोडून काढतं. तो तुकडा फार अस्थिर असतो, एकटा राहू शकत नाही. असे दोन तुकडे एकमेकांना धरतात, एक पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. उरलेल्या भागातून पायरुव्हेट आणि अमोनिया निघतो.

झाडासाठी हे संरक्षण आहे. किड्याने दात लावला तरच हत्यार बाहेर.

अ‍ॅलिसिन वेगळं काढलं ते १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या दोघांनी. पण ते पाकळीत नसतं, अ‍ॅलिइनपासून बनतं, हे पुढच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडच्या स्टोल आणि सीबेक यांनी दाखवलं. त्यामुळे "लसणात अ‍ॅलिसिन असतं" हे इतकी वर्षं लोकांच्या तोंडी राहिलं, त्यात नवल नाही.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, हे पाह्यलं नव्हतं कधी असं. पण मग गिळलेली पाकळी पोटात फुटतेच ना? तिथं काऊन नाही तयार होत?

शोभाताई_धरमपेठ

कारण पोटात आम्ल असतं. हे एन्झाइम सात पीएचच्या आसपास जोरात काम करतं आणि तीनच्या खाली कायमचं निकामी होतं. नंतर आम्ल कमी झालं तरी ते पुन्हा चालू होत नाही. उपाशीपोटी जठरातलं आम्ल एक ते दोन पीएचचं असतं. म्हणजे बाबा पहाटे रिकाम्या पोटी अख्खी पाकळी गिळतात तेव्हा धान्य शाबूत आणि जात्याची खुंटी मोडलेली, अशी गत होते. अगदी शून्य म्हणणार नाही, कारण एन्झाइम मेलेल्या लसणातूनही शरीरात थोडंफार काहीतरी बनतं, हे श्वासातल्या गंधकाच्या वायूवरून मोजलं गेलंय. पण चेचलेल्या लसणाच्या तुलनेत फारच कमी.

चावून खाल्लं तर मात्र तोंडातच सगळं तयार होतं. लाळ आम्लधर्मी नसते. बाबांना वास नको म्हणून ते चावत नाहीत, आणि वास नाही म्हणजेच अ‍ॅलिसिनही नाही.

बी_फार्म_रोहित

मस्त समजावलंत ताई. थोडा हिशोब मांडतो, कारण किती बनतं याचा अंदाज कुणालाच नसतो.

ताज्या लसणाच्या एका ग्रॅममध्ये साधारण १० मिलिग्रॅम अ‍ॅलिइन धरू. लसणाच्या जातीप्रमाणे कमीजास्त होतं. अ‍ॅलिइनचे दोन रेणू लागतात तेव्हा अ‍ॅलिसिनचा एक बनतो. वजनात बसवलं तर १० मिलिग्रॅममधून जास्तीत जास्त साडेचार मिलिग्रॅमच्या थोडं वर अ‍ॅलिसिन मिळतं. चार ग्रॅमची चांगली टपोरी पाकळी घेतली तर १८ मिलिग्रॅमच्या आसपास. हे उत्तम चेचलं तर. सुरीने दोन काप केले तर फक्त कापलेल्या जागेच्या पेशी फुटतात, बाकीची पाकळी तशीच बंद राहते.

आणि वेळेबद्दल. बारीक चेचलेल्या लसणात बहुतेक काम एका मिनिटात आटोपतं. मग दहा मिनिटं कशाला? ओबडधोबड चेचलेलं असतं, रस हळूहळू एकमेकांत मुरतो, म्हणून थोडी सवड ठेवायची. आणि लगेच गरम करणार असाल तर ही सवड फार महत्त्वाची. मेघाताईंच्या आई मधात कालवून कच्चाच देतात, तर त्यांनी दोन मिनिटांत दिला तरी चालेल. दहा मिनिटांनी बिघडत मात्र काही नाही.

इतवारीचा_प्रकाश

मला डेंग्यू होऊन गेला दोन महिन्यांपूर्वी. परवा तब्येत बरी वाटत नव्हती म्हणून रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये प्लेटलेट ७२ हजार आणि खाली लिहिलंय "प्लेटलेट क्लम्प्स दिसले". मी घाबरलो. इथे वाचलं की लसूण प्लेटलेटचे पुंजके होऊ देत नाही. तर मी रोज चार पाकळ्या चेचून खाल्ल्या तर माझे क्लम्प्स सुटतील का? की लसणाने प्लेटलेट आणखी कमी होतील? तपासणी केली तिथे कुणी धड बोललंच नाही, रिपोर्ट हातात दिला आणि पुढचा नंबर पुकारला.

शोभाताई_धरमपेठ

प्रकाशभाऊ, आधी शांत व्हा. तुमच्या रिपोर्टमधले क्लम्प्स आणि या धाग्यातला विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सीबीसीसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. रक्त गोठू नये म्हणून त्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही लोकांच्या रक्तात त्या ईडीटीएमुळेच, नळीत, शरीराबाहेर, प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. कधी रक्त घेताना सुई नीट लागत नाही, वेळ लागतो, त्यानेही होतं. मशीन एकेक कण मोजतं. दहा प्लेटलेट्सचा पुंजका असेल तर त्या दहा ते मोजतच नाही. म्हणून आकडा खोटा कमी येतो. तुमच्या शरीरात पुंजके आहेत असं त्यातून ठरत नाही.

निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त द्या आणि लगेच मोजायला सांगा. सायट्रेट पातळ स्वरूपात असतं, म्हणून येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणतात. सोबत काचपट्टीवर डोळ्याने बघायला सांगा. आणि आकडा काहीही येवो, बरं वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

लसूण प्लेटलेट्सची संख्या कमी करत नाही. त्या किती सहज एकमेकींना धरतात, त्यावर त्याचा परिणाम होतो. संख्या आणि वागणूक यात हा फरक आहे.

वऱ्हाडी_ठेचा

एक शंका. आमच्याकडे ठेचा करताना मिरच्या अन् लसन आधी तव्यावर तेलात परततो, मग खलबत्त्यात ठेचतो. म्हणजे आम्ही आयुष्यभर उलटं करून राह्यलो का?

शोभाताई_धरमपेठ

चवीसाठी उलटं नाही, अ‍ॅलिसिनसाठी मात्र थोडं उलटं. यावर एक सुंदर काम झालंय, अर्जेंटिनातल्या मेंडोझाच्या लोकांनी २००७ मध्ये छापलं. तो लसूण पिकवणारा भाग आहे, त्यामुळे त्यांना हे जिव्हाळ्याचं. त्यांनी दोन गट केले. एकात पाकळ्या आधी चेचून मग गरम केल्या, दुसऱ्यात अख्ख्याच गरम केल्या. काही उकळत्या पाण्यात, काही २०० अंशांच्या भट्टीत, काही मायक्रोवेव्हमध्ये. मग त्या लसणाचा रस माणसाच्या प्लेटलेट्समध्ये घालून बघितलं.

तीन मिनिटांपर्यंत उकळलेला किंवा भट्टीत ठेवलेला लसूण कच्च्याइतकाच काम करत होता. सहा मिनिटांनी अख्ख्या पाकळ्यांचा परिणाम पूर्ण गेला. आधी चेचलेल्यांचा कमी झाला, पण बऱ्यापैकी टिकला. दहा मिनिटांच्या पुढे दोन्हीकडे काही राहिलं नाही. मायक्रोवेव्ह सर्वांत कडक निघाला.

कारण असं की उष्णतेने आधी मरतं ते एन्झाइम. अ‍ॅलिइन उष्णतेला बरंच तग धरतं. आधी चेचलं असेल तर एन्झाइमचं काम झालेलं असतं, आता ते मेलं तरी अ‍ॅलिसिन बनून गेलेलं असतं. तेही पुढे उष्णतेने मोडतं, पण जरा सावकाश.

तुमच्या ठेच्यात लसूण तव्यावर एक-दीड मिनिट परततात, बाहेरून डाग पडतात पण आतून कच्चाच असतो ना? म्हणून तर ठेचल्यावर तो नाकात जातो. साओजी रश्श्यात तासभर शिजलेल्या लसणाबद्दल मात्र असं म्हणता येणार नाही.

आणि त्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. मायक्रोवेव्हमध्ये निकामी झालेल्या अख्ख्या लसणात त्यांनी कच्च्या लसणाचा थोडा रस घातला, आणि सगळी ताकद परत आली. म्हणजे धान्य तिथेच पडून होतं, फक्त जातं नव्हतं. थोड्याशा कच्च्या रसातून ते मिळालं.

त्रिमूर्तीनगरची_मेघा

हे वाचून राहवलं नाही, काल संध्याकाळी घरी करून बघितलं. इडलीपात्रात चार अख्ख्या पाकळ्या सालीसकट दहा मिनिटं वाफवल्या. पूर्ण थंड होऊ दिल्या. मग सोलून चेचल्या. खरंच, तो वास नाही! उकडलेल्या रताळ्यासारखा गोडसर वास, जिभेवर ठेवलं तरी चरका नाही. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढा कच्चा लसूण चेचून त्यात मिसळला आणि पाच मिनिटं झाकून ठेवला. झाकण काढल्यावर भपकन वास! आईने तर लगेच बाबांना हाक मारली.

बी_फार्म_रोहित

ताई, प्रयोग छान, पण एक भोक आहे. जो कच्चा लसूण घातला त्याचा स्वतःचाही वास असणारच. तोच वास आला नसेल कशावरून? तेवढाच कच्चा लसूण तेवढ्याच उकडलेल्या बटाट्यात मिसळून शेजारी ठेवा. आणि कोणत्या वाटीत काय आहे हे वास घेणाऱ्याला सांगू नका.

कळमना_आडत

मधेच बोलतो. माझा लसणाचाच धंदा आहे, माल मुख्यतः मंदसौर-नीमचकडचा. प्रयोग करायचा तर सगळ्या पाकळ्या एकाच गड्ड्यातल्या घ्या. मोठ्या पांढऱ्या गड्ड्याची पाकळी सोलायला सोपी, पण तिखटपणात लहान गावरान पाकळी कितीदा तरी वर असते. कोंब फुटलेला, पोचट झालेला लसूण घेऊ नका. दाबून बघा, दगडासारखा घट्ट लागला पाहिजे.

त्रिमूर्तीनगरची_मेघा

कळमना दादा, रोहित, दोघांचंही ऐकलं. एकाच गड्ड्यातल्या पाकळ्या. एका वाटीत वाफवलेला लसूण, दुसरीत तेवढाच उकडलेला बटाटा, दोन्हीत सारखाच कच्चा लसूण, दोन्ही दहा मिनिटं झाकून. वाट्यांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या, बाबा आणि माझी लेक यांनी डोळे मिटून वास घेतला. दोघांनीही लसणाची वाटी जास्त उग्र सांगितली. बाबांनी जिभेवर ठेवून बघितलं, बटाट्याला थोडासा चरका, लसणाच्या वाटीला डोळ्यात पाणी. लेकीचं म्हणणं, फरक आहे पण फार मोठा नाही. आईने आदल्या दिवशी वास घेतला होता म्हणून तिला या वेळी घेतलं नाही.

आता मुख्य गोष्ट. ते अ‍ॅलिसिन प्लेटलेटला काय करतं?

शोभाताई_धरमपेठ

दुसरी वाटी ठेवली ते फार चांगलं केलंत.

आता प्लेटलेट. आधी आम्ही तपासणी कशी करत होतो ते सांगते, त्यातून समजेल. निळ्या नळीतलं रक्त हळू वेगाने फिरवलं की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, धुरकट थर राहतो. तो धुरकटपणा म्हणजे तरंगणाऱ्या प्लेटलेट्स. तो थर काचेच्या बारीक नळीत घ्यायचा, आत तांदळाच्या दाण्याहून लहान लोखंडी काडी फिरत असते, ३७ अंश तापमान, आणि एका बाजूने प्रकाश सोडायचा. धुरकट असल्यामुळे प्रकाश कमी जातो. मग एडीपीचा, म्हणजे प्लेटलेट्सना चिकटायचा इशारा देणाऱ्या रसायनाचा थेंब टाकायचा. दोन-तीन मिनिटांत प्लेटलेट्स पुंजके करतात, पाणी निवळतं, प्रकाश जास्त जातो, कागदावरची रेघ वर चढते. ही पद्धत गुस्ताव बॉर्न यांची, १९६२ ची, आणि अजून तीच वापरतात.

एकदा आमच्या सरांनी थेंब टाकण्याआधी नळीत ताज्या लसणाचा गाळलेला, पातळ केलेला रस किंचित घातला. एडीपी टाकला, रेघ हललीच नाही. नळी उजेडात धरली तर पाच मिनिटांनीही तशीच धुरकट. मी तेव्हा नवी होते, ती नळी अजून डोळ्यासमोर आहे. आपल्याकडे उदयपूरचे डॉ. बोर्डिया यांनी लसूण आणि मानवी प्लेटलेट्सवर सत्तरच्या दशकातच काम केलं होतं, सरांनी तिथूनच घेतलं असावं.

प्लेटलेटला "चिकट" हा इशारा मिळाला की तिच्यात कॅल्शियम वाढतं आणि तिच्या पृष्ठभागावरचे एक प्रकारचे हात उघडतात. त्या हातांनी ती रक्तातलं फायब्रिनोजेन धरते. फायब्रिनोजेनचं दुसरं टोक शेजारची प्लेटलेट धरते. असे पूल बांधत पुंजका होतो. त्या हातांचा आकार प्रथिनातल्या गंधकाच्या जोडांवर बराच अवलंबून असतो. आणि अ‍ॅलिसिनचा स्वभावच असा की प्रथिनात कुठे मोकळं गंधक दिसलं की आपला एक तुकडा तिथे चिकटवायचा. असं झालं की हात नीट उघडत नाहीत, आतले इशारेही अडखळतात, आणि पूल बांधला जात नाही. लसूण तेलात मुरला की अ‍ॅलिसिनपासून अ‍ॅजोइन नावाचा आणखी एक पदार्थ बनतो, तोही याच पुलाच्या जागी आड येतो.

म्हणून वऱ्हाडी भाऊंचं "अ‍ॅस्पिरिनसारखंच" तसं बरोबर नाही. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम बंद करतं, त्यामुळे थ्रॉम्बॉक्सेन हा एक इशारा बनत नाही, आणि ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तशीच राहते. क्लोपिडोग्रेल एडीपीचा इशारा ऐकू देत नाही. लसणाचं काम मुख्यतः शेवटच्या पुलापाशी. तिघांच्या जागा वेगळ्या, म्हणून एकावर एक भर पडू शकते. मेघा, तुझ्या बाबांच्या बाबतीत काळजी याचीच.

सदरची_सुलभा

माझा अनुभव सांगते. बीपीसाठी म्हणून मी तीन महिने रोज पाच-सहा कच्च्या पाकळ्या चेचून खात होते. मग दाढ काढली. सकाळी अकराला काढली, रात्री नऊपर्यंत कापूस लाल होत होता. शेवटी पुन्हा जाऊन टाका घालून घेतला. डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल विचारलं होतं, लसणाबद्दल कुणी विचारलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. नंतर प्लेटलेट आणि पीटी दोन्ही तपासले, दोन्ही नॉर्मल. मग हे लसणामुळे नव्हतंच असं समजायचं का?

शोभाताई_धरमपेठ

सुलभाताई, फार त्रास झाला तुम्हाला. तसं समजता येत नाही, आणि उलटही ठामपणे सांगता येत नाही. सीबीसी प्लेटलेट्स मोजतं, त्या कशा वागतात ते बघत नाही. पीटी किंवा आयएनआर रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या साखळीचं बघतं. लसणाचा परिणाम पकडायचा तर वर सांगितलेली रेघेचीच तपासणी लागते, आणि तीही रक्त घेतल्यावर तीन-चार तासांत. ती तुमची झाली नाही. दाढेची जखम फाटल्यानेही इतकं रक्त येतं.

बी_फार्म_रोहित

ताई, इथे माझा मुद्दा अडतो. नळीत रस घालणं वेगळं आणि खाणं वेगळं. अ‍ॅलिसिन रक्तात टाकलं तर काही मिनिटांत नाहीसं होतं, लाल पेशींमधल्या ग्लुटाथायोनशी लगेच जोडलं जातं. भरपूर कच्चा लसूण खाल्लेल्या माणसाच्या रक्तात आणि लघवीतही अ‍ॅलिसिन सापडलेलं नाही. मग प्लेटलेटपर्यंत पोचतं काय? तुमच्या सरांच्या नळीत जेवढा रस होता, तेवढं प्रमाण शरीरात कधी होणारच नाही.

शोभाताई_धरमपेठ

रोहित, बरोबर बोललास. इथे माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. अ‍ॅलिसिन स्वतः पोचत नाही हे मान्य. त्यापासून बनलेले गंधकाचे इतर पदार्थ पोचतात. श्वासाला दुसऱ्या दिवशीही वास येतो तो त्यातल्याच एकाचा. त्यांचा प्लेटलेटवर किती परिणाम होतो, यावर एकमत नाही.

दोन्ही बाजूंचं सांगते. व्हिएन्नात २००७ मध्ये १८ निरोगी लोकांना दह्याच्या चटणीतून ४.२ ग्रॅम कच्चा लसूण दिला, काहींना पुढे आठवडाभर. प्लेटलेट्सच्या वागण्यात काही फरक दिसला नाही. उलट १९९० मध्ये ८७ वर्षांच्या एका गृहस्थांना पाठीच्या कण्यात आपोआप रक्तस्राव झाला, प्लेटलेट्स नीट काम करत नव्हत्या, आणि डॉक्टरांना जास्त लसणाशिवाय कारण सापडलं नाही. एकीकडे १८ निरोगी माणसं, दुसरीकडे एकच म्हातारा माणूस. मला विचारशील तर रोजच्या जेवणातल्या लसणाला मी घाबरत नाही. पण दोन गोळ्या, रोज कच्चा चेचलेला लसूण आणि समोर शस्त्रक्रिया, हे तिन्ही एकत्र आलं तर मी घाबरते.

बी_फार्म_रोहित

एवढं मलाही पटतं. पण त्या आजोबांबाबत लसणाला दोष देणं मला अजून घाईचं वाटतं.

त्रिमूर्तीनगरची_मेघा

काल बाबांना घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. आधीच कागदावर लिहून नेलं होतं, किती पाकळ्या, कच्च्या की शिजवलेल्या, किती दिवसांपासून. ते म्हणाले, दोन्ही गोळ्या एकही दिवस स्वतःहून बंद करायच्या नाहीत, स्टेंटला अजून वर्ष झालेलं नाही. दाढेचं काय ते दातांच्या डॉक्टरांशी स्वतः बोलतील, जमल्यास पुढे ढकलतील. कच्चा लसूण दाढ काढायच्या किमान सात दिवस आधीपासून पूर्ण बंद. वरणाच्या फोडणीतला चालेल.

आईला थोडं वाईट वाटलं. मी तिला सांगितलं की चेचून ठेवण्याचं तुझंच बरोबर होतं, म्हणूनच तर बंद करायला सांगितलंय. बाबांची गिळलेली पाकळी असती तर डॉक्टरांनी बहुतेक लक्षही दिलं नसतं.

वऱ्हाडी_ठेचा

मेघाताई, आईला माझा नमस्कार सांगा. मी वर लिहिलं होतं गिळलं काय अन् चेचलं काय एकच, ते चुकीचं होतं. घरी वडिलांना अ‍ॅस्पिरिन चालू आहे, तेही सकाळी ठेचा-भाकर खातात. पुढच्या वेळी डॉक्टरला विचारतो.

इतवारीचा_प्रकाश

शोभाताई, निळ्या नळीत पुन्हा तपासलं. मशीनचा आकडा १ लाख ६७ हजार, त्यांनी १.१ ने गुणून १ लाख ८४ हजार लिहिला. काचपट्टीवर पुंजके नाहीत. थकव्याचं कारण वेगळं निघालं, हिमोग्लोबिन ९.८ आहे, त्याची औषधं सुरू केली. पुढच्या वेळी रक्त देताना ईडीटीएचं आधीच सांगायचं का?

शोभाताई_धरमपेठ

हो, दर वेळी सांगा. हा रिपोर्ट जपून ठेवा आणि जुना ७२ हजारवालाही त्याच्यासोबतच ठेवा, म्हणजे पुढचा डॉक्टर घाबरणार नाही.